काळेभोर डोळे घारे करायचेत? आधी रंग नाही, उजेड बदला

पोर्ट्रेटमध्ये फोटोशॉपवर डोळ्यांचा रंग बदलायचा म्हटलं की नेटवर सापडणारी पद्धत बहुतेक वेळा एकच असते, बुबुळ सिलेक्ट करा, Hue/Saturation उघडा, Colorize वर टिक करा, स्लायडर फिरवा, झालं. निळ्या डोळ्यांचे हिरवे करायला ते चालतं. आपल्याकडच्या गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या डोळ्यांवर ते करून बघा, एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर लाइटनेस ओढल्यावर डोळ्यात राखाडी-हिरवी टिकली चिकटवल्यासारखं दिसतं. कारण सोपं आहे. काळ्या पिक्सेलला कितीही रंग द्या, तो काळाच राहणार. त्यामुळे या लेखात मी फक्त हीच एक केस घेतोय, गडद तपकिरी डोळे घारे करणं, कारण ही जमली की बाकीच्या सोप्याच आहेत.

उदाहरणाला घेतलेला फोटो एका नाटकातल्या अभिनेत्रीचा आहे. भूमिकेसाठी घारे डोळे हवे होते आणि रंगीत लेन्स घ्यायच्या आधी दिग्दर्शकाला चेहऱ्यावर कसं वाटतंय ते बघायचं होतं. फोटो दादरच्या एका फ्लॅटमध्ये खिडकीशी काढलेला, पावसाळ्यातली ढगाळ दुपार, ८५ एमएम लेन्स, २४ मेगापिक्सेल, चेहऱ्याचा टाइट क्लोजअप. अशा फ्रेममध्ये बुबुळ साधारण १५० पिक्सेल रुंद मिळतं, पुढचे सगळे आकडे त्याच मापाचे आहेत. तुमच्या फोटोत बुबुळ ७५ पिक्सेलचं असेल तर ब्लर आणि ब्रशचे पिक्सेलमधले आकडे निम्मे करा. आणि हो, ऑडिशनला पाठवायच्या फोटोवर हे करू नका, ऑडिशनची ऑफिसं असलेल्या वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये दारातून आत गेल्यावर कास्टिंगवाल्यांना समोर खरेच डोळे दिसणार आहेत.

फोटो उघडतानाच दोन गोष्टी

रॉ फाइल असेल तर १६ बिटमध्ये उघडा. आपण अगदी गडद भाग बराच वर उचलणार आहोत, ८ बिटमध्ये तो उचलला की बुबुळात पट्टे पडतात. दुसरं म्हणजे Info पॅनल उघडून ठेवा आणि आयड्रॉपरचं सॅम्पल साइज 5 by 5 Average करा, म्हणजे एखाद्या नॉइजच्या पिक्सेलवरून चुकीचा आकडा येणार नाही.

आता बुबुळावर आयड्रॉपर फिरवून आकडे वाचा. या फोटोत रेड ५० ते ८०, ग्रीन ३० ते ४५ आणि ब्लू १५ ते २५ च्या आसपास होता. हे तीन आकडे नीट बघा कारण पुढची सगळी पद्धत यावर उभी आहे. डोळ्याचा तपकिरी रंग मेलॅनिनमुळे येतो आणि मेलॅनिन निळा प्रकाश जास्त खातं, लाल त्या मानाने कमी. म्हणजे गडद डोळ्यातल्या रेषा, खळगे, धागे जे काही आहे ते कॅमेऱ्याने रेड चॅनलमध्ये टिपलेलं असतं, ब्लूमध्ये बहुतेक अंधार आणि नॉइज. बुबुळावरून ओळख पटवणारी स्कॅनर मशीनं लालच्याही पलीकडचा, नियर इन्फ्रारेड प्रकाश वापरतात ते याच कारणाने, त्यात गडद डोळ्यांचंही टेक्स्चर स्पष्ट दिसतं.

Ctrl+3 दाबा, फक्त रेड चॅनल दिसेल. जो डोळा मघाशी सपाट काळा वाटत होता त्यात बाहुलीभोवतीची गोलाकार कड आणि तिथून बाहेर जाणारे धागे दिसायला लागतात, आणि मुख्य म्हणजे बाहुली कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होतं ते कळतं. Ctrl+2 ने परत या. रेड चॅनलमध्येही काहीच दिसत नसेल, आकडा १५-२० च्या वर जातच नसेल, तर त्या फोटोत डिटेल नाहीये. तिथे फार तर जरा उजळ तपकिरी करता येईल, घारा नाही. खोटं टेक्स्चर रंगवायच्या भानगडीत पडू नका, ते लगेच ओळखू येतं.

मास्क

Elliptical Marquee घ्या, बाहुलीच्या मध्यावरून Alt+Shift धरून ओढा आणि पूर्ण गोल काढा, वरचा भाग पापणीखाली गेला असला तरीही. आधी पूर्ण गोल काढायचा कारण नंतर बाहेरची गडद कड काढताना मध्य बरोबर हवा. चेहरा जरा वळलेला असेल तर लांबच्या डोळ्याचं बुबुळ गोल नसतं, उभट दिसतं, म्हणून Select मेनूतून Transform Selection घेऊन ते तेवढं दाबा. मग लॅसोने Alt धरून वरची आणि खालची पापणी वजा करा. दुसरा डोळाही Shift धरून जोडू शकता पण मी दोन्ही डोळ्यांचे वेगळे ग्रुप करतो, का ते शेवटी येईल.

सिलेक्शन चालू असताना रिकामा ग्रुप बनवा आणि त्याला मास्क लावा. ग्रुपचा मोड Pass Through च राहू द्या. तो Normal केला तर आतल्या अ‍ॅडजस्टमेंट लेयर्सना खालचा फोटो दिसतच नाही आणि काहीच बदलत नाही, मग माणूस अर्धा तास चूक शोधत बसतो.

आता कड. खऱ्या डोळ्यात बुबुळ आणि पांढरा भाग यांच्यामध्ये कापल्यासारखी रेघ नसते, एकातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा असतो. म्हणून मास्क निवडून Gaussian Blur ३ पिक्सेल द्या. Properties मधला Feather स्लायडर इथे वापरू नका, दिसायला सोयीचा आहे पण तो अख्ख्या मास्कवर सतत लागू राहतो, म्हणजे यानंतर तुम्ही पापणीचा एखादा केस बारीक ब्रशने रंगवायला गेलात की तोही धूसर होणार. ब्लर एकदाच देऊन टाकला की पुढचं रंगकाम तीक्ष्ण राहतं.

ब्लरमुळे मास्क पापणीच्या कडेवरही थोडा सांडतो, तिथे मात्र कड स्पष्टच हवी कारण पापणी बुबुळाच्या पुढे आहे. काळा ब्रश, हार्डनेस ७० च्या आसपास, पापणीच्या कडेने एकदा फिरवा. मग पापण्यांचे केस. इथे वेळ लागतो आणि इथे शॉर्टकट नाही. उजळ डोळ्यांत केस टोनवरून आपोआप वेगळे काढता येतात पण आपल्या फोटोत पापण्यांचे केसही काळे आणि बुबुळही काळं, सॉफ्टवेअरला फरकच कळत नाही. बुबुळावरून जाणारा प्रत्येक केस २-३ पिक्सेलच्या ब्रशने मास्कवर काळा करायचा, मुळाकडे जाड, टोकाकडे बारीक. मी हे रंग दिल्यानंतर करतो, कारण तेव्हा हिरवट झालेले केस स्पष्ट दिसतात.

बाहुलीही याच मास्कमधून वगळायची. रेड चॅनलमध्ये पाहिलेल्या जागी गोल, या फोटोत साधारण ४५ पिक्सेलचा, काळा भरा आणि तेवढ्याच भागाला २ पिक्सेलचा ब्लर. उगाच शुद्ध काळी करू नका, ती मूळ फोटोत जशी आहे तशी ठेवा. बाहुलीच्या काठावर खऱ्या डोळ्यातही पातळ गडद तपकिरी किनार असते, मास्कच्या मऊ कडेतून मूळ तपकिरी रंग जरासा डोकावतो आणि ती किनार आपसूक मिळते.

उजेड

ग्रुपमध्ये पहिला लेयर Channel Mixer. Monochrome वर टिक करा, Red 100, Green 0, Blue 0. बुबुळ राखाडी झालं पण डिटेल रेड चॅनलचं आलं आणि ब्लूमधला नॉइज बाहेर गेला. या लेयरची ओपॅसिटी ८५ टक्क्यांपर्यंत कमी करा, मूळ तपकिरीची थोडी झाक खाली राहिली की नंतरचा रंग एकसुरी वाटत नाही.

त्यावर Curves. पहिला पॉइंट इनपुट २५, आउटपुट २५, हा खिळा आहे, खळग्यांचे गडद भाग याच्यामुळे खाली राहतात. दुसरा पॉइंट इनपुट ६२, आउटपुट १०५. तेवढंच. हे केलं की बुबुळ सरासरी १०० च्या आसपास येतं आणि या दोन पॉइंटमध्ये कर्व्ह तिरकी चढत असल्यामुळे धाग्यांचा कॉन्ट्रास्टही दुपटीहून थोडा जास्त होतो. यापेक्षा वर जायचा मोह होतो, आवरा. चांगली कसोटी अशी की बुबुळ उजेडातल्या गालापेक्षा गडदच राहायला हवं, आणि डोळ्यातल्या पांढऱ्या भागापेक्षा तर बरंच गडद. या फोटोत गाल १६० च्या आसपास होता, म्हणून १०५ ला थांबलो.

एक गोष्ट इथे हमखास बिघडते. गडद डोळा आरशासारखा वागतो, त्यात खिडकीशिवाय समोरची भिंत, फोटो काढणारा, पापण्यांची सावली असं बरंच काही मंदपणे उमटलेलं असतं. मुळात ते कळत नाही पण कर्व्हने उचललं की ढगासारखे डाग होऊन वर येतात. खऱ्या घाऱ्या डोळ्यात ही मंद प्रतिबिंबं बुबुळाच्या स्वतःच्या उजेडात हरवून जातात. तेव्हा असा डाग दिसला तर कर्व्हच्या मास्कवर मऊ ब्रशने, १५-२० टक्के फ्लोने, तिथला परिणाम कमी करा. हीलिंग ब्रश लावला तर डागासोबत धागेही जातात.

आता उजेड सगळीकडे सारखा ठेवायचा नाही, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खिडकी डावीकडे वर असेल तर कॅचलाइट, म्हणजे डोळ्यात चमकणारं खिडकीचं प्रतिबिंब, घड्याळातल्या दहाच्या आकड्याच्या जागी दिसतो, पण तोच प्रकाश पारदर्शक कॉर्नियातून वाकून आत जातो आणि समोरच्या बाजूला, म्हणजे चार वाजताच्या जागी, बुबुळ उजळवतो. म्हणून कर्व्हच्या मास्कवर चार वाजताच्या बाजूला पूर्ण पांढरं ठेवा आणि दहाच्या बाजूला काळ्या मऊ ब्रशने २५-३० टक्के कमी करा. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडतेच, तिथेही कमी. फोटो सपाट वाटायचा थांबतो तो याच टप्प्यावर, रंग अजून दिलेलाही नसताना.

रंग

Solid Color लेयर, मोड Color. आकडे HSB मध्ये द्या: H 86, S 23, B 48. हातात बघितलात तर हा अगदी मळकट शेवाळी वाटेल, हा कुठला घारा असं म्हणाल. पण चेहऱ्याची त्वचा उबदार असते आणि तिच्या शेजारी हा मळकट रंग पुष्कळ हिरवा दिसतो. S चाळीसच्या वर नेलंत की पार्टी लेन्स. हिरव्या किंवा निळ्या डोळ्यात हिरवं-निळं रंगद्रव्य नसतंच, मेलॅनिन कमी असतं आणि प्रकाश विखुरल्यामुळे तो रंग दिसतो, म्हणून खरे घारे डोळे कधी रंगाच्या डबीतून काढल्यासारखे गडद रंगाचे नसतात. ओपॅसिटी ७५.

त्यावर दुसरा Solid Color, हाही Color मोडमध्ये, H 32, S 55, B 55, ओपॅसिटी ४०. याचा मास्क पूर्ण काळा करा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने बाहुलीभोवती वेडंवाकडं कडं काढा, बाहुलीच्या काठापासून बुबुळाच्या काठापर्यंतच्या अंतराच्या साधारण तिसऱ्या भागापर्यंत, आणि धाग्यांच्या दिशेने दोन-चार फटकारे बाहेर जाऊ द्या. घाऱ्या डोळ्यांत बाहुलीजवळ मधाळ तपकिरी आणि बाहेर हिरवट असं बऱ्याचदा असतंच. कडं कंपासने काढल्यासारखं नको.

पहिला ड्राफ्ट बघून त्या नाटकाच्या वेशभूषाकार ताई म्हणाल्या, "छान आहे रे, पण लेन्स लावल्यासारखं वाटतंय." त्यांचा डोळा पक्का होता. त्या ड्राफ्टमध्ये हे मधाळ कडं अजून यायचं होतं आणि बाहेरची गडद कडही नव्हती, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत एकच हिरवा. छापील रंगीत लेन्सही अशीच दिसते, सगळीकडे सारखी.

तर बाहेरची कड. अजून एक Curves घ्या, मध्य थोडा खाली ओढा, इनपुट १०५ आउटपुट ७०, मास्क काळा करून बुबुळाच्या काठाने मऊ ब्रशने पांढरं फिरवा. रुंदी बुबुळाच्या दहाव्या भागाएवढी, इथे १५ पिक्सेल. आतल्या बाजूला ती विरघळत जायला हवी. उजेडाच्या बाजूला हलकी, सावलीत गडद. याच लेयरने वरच्या पापणीखालची सावलीही थोडी पक्की करून घ्या.

कॅचलाइट परत आणणं

आत्तापर्यंत आपण कॅचलाइटची फिकीर केली नाही, त्याच्यावरूनही हिरवा फिरलाय. ते मुद्दाम शेवटी ठेवलं. मूळ बॅकग्राउंडवर क्लिक करा, Ctrl+J ने कॉपी करा, ती कॉपी सगळ्या ग्रुपच्या वर ओढा. लेयरवर डबल क्लिक करून Layer Style उघडा, खाली Blend If मध्ये This Layer ची काळी पट्टी उजवीकडे सरकवा, मग Alt धरून तिचे दोन तुकडे करा, डावा ११० वर, उजवा १८० वर. आता या कॉपीतले फक्त उजळ पिक्सेल दिसतात. मग मास्क काळा करून फक्त कॅचलाइटच्या जागी पांढरा ब्रश.

एवढ्यावर थांबलात तर कॅचलाइटभोवती बारीक काळपट तपकिरी कड दिसेल. २०० टक्के झूमवर ती पक्की दिसते, आणि हेच अशा एडिटचं सगळ्यात मोठं चाडीखोर लक्षण आहे. होतं असं की कॅचलाइटची कड अर्धी उजळ असते, त्या अर्ध्या पिक्सेलमध्ये जुनं गडद बुबुळ मिसळलेलं असतं आणि ते नव्या उजळ बुबुळावर येऊन बसतं. उपाय एका क्लिकचा, या लेयरचा मोड Normal वरून Lighten करा. आता हा लेयर काहीही गडद करू शकत नाही, कड नाहीशी होते.

आपल्या फोटोत अजून एक गंमत होती, खिडकीला ग्रिल होतं, मुंबईत कुठल्या खिडकीला नसतं, आणि कॅचलाइटमध्ये ग्रिलच्या उभ्या रेषा आल्या होत्या. त्या पांढऱ्याने भरून एकसंध चौकोन करायचा विचार अजिबात करू नका. प्रतिबिंब म्हणजे बुबुळावर वरून पडलेला जास्तीचा उजेड, जिथे ग्रिलची सळई आहे तिथे तो उजेड नाही, म्हणजे तिथून खालचं बुबुळ दिसायला हवं, आणि ते आता घारं आहे. Lighten मोडमध्ये हे बरोबर तसंच होतं, सळयांच्या जागी घारा रंग दिसतो आणि मधल्या पट्ट्या मूळ पांढऱ्या राहतात. हा एवढासा तपशील बघणाऱ्याला शब्दात सांगता येत नाही पण डोळा खरा वाटतो.

दुसरा डोळा आणि तपासणी

ग्रुप कॉपी करून दुसऱ्या डोळ्यावर सरकवू नका. लेयर्स तेच, आकडे बहुतेक तेच, पण मास्क नव्याने. f/2.8 ला काढलेल्या क्लोजअपमध्ये लांबचा डोळा थोडा आउट ऑफ फोकस असतो, तिथे मास्कचा ब्लर ३ ऐवजी ५-६ पिक्सेल लागतो, नाहीतर मऊ डोळ्यात कडक कडेचं बुबुळ दिसतं. शिवाय खिडकीपासून लांबचा डोळा सावलीत असतो, मुळातच दोन्हीत फरक होता तो नंतरही तसाच राहायला हवा. मूळ फोटोत दोन्ही बुबुळांचे आकडे घ्या, समजा लांबचं १५ टक्क्यांनी गडद होतं, तर एडिटनंतरही साधारण तेवढंच गडद ठेवा. त्यासाठी कर्व्हचा दुसरा पॉइंट इनपुट ५३, आउटपुट ९० ला ठेवला की पुरतं.

तपासायला सगळ्यात वर तात्पुरता Black & White लेयर टाका. रंग गेल्यावर डोळे चेहऱ्यात बसलेले दिसायला हवेत, दोन दिव्यांसारखे बाहेर येत असतील तर उजेड जास्त झालाय, रंगाचा दोष नाही. तो लेयर बंद करून कॅनव्हस आडवा फ्लिप करा, डोळ्यांमधला फरक उलट्या चित्रात चटकन खटकतो. मग २०० टक्क्यांवर कडेकडेने फिरा, पांढऱ्या भागावर हिरवी झाक सांडली आहे का, केस हिरवे राहिलेत का एवढंच बघायचं. शेवटी २५ टक्क्यांवर. फोनवर पाठवायच्या १०८० पिक्सेलच्या फोटोत बुबुळ ४० पिक्सेलचंच उरतं, तिथे धागे दिसणार नाहीत, बाहेरची गडद कड, बाहुली आणि कॅचलाइट हे तीनच दिसतात. लहान साइजमध्ये डोळे धुरकट वाटले तर रंग वाढवू नका, बाहेरच्या कडेचा Curves लेयर अजून थोडा खाली ओढा, मग sRGB मध्ये एक्सपोर्ट करा.